‘खरा’ बौद्ध धर्म कोणता, हे कोणी ठरवले? सिंहलद्वीप, पाली ग्रंथ आणि एकोणिसाव्या शतकातील संशोधक

सदानंद_ठाणे (धागाकर्ता)

नमस्कार. मी निवृत्त शिक्षक आहे. गेल्या डिसेंबरात आम्ही बारा दिवस श्रीलंकेत होतो. कॅन्डीजवळच्या एका विहारात बुद्धमूर्तीच्या गाभाऱ्याला लागूनच विष्णूचे आणि कतरगम देवाचे स्वतंत्र देऊळ होते आणि तिथे भाविकांची रांग मुख्य गाभाऱ्यापेक्षा मोठी होती. त्याच आवारात रात्री भिक्षूंचे परित्त-पठण, म्हणजे संरक्षणासाठी पाली पाठ म्हणणे, चालू होते. पाण्याच्या घागरीला बांधलेला दोरा सगळ्यांच्या हातांतून फिरवला होता आणि पठण संपल्यावर तो तोडून प्रत्येकाच्या मनगटाला बांधला गेला. आमचा मार्गदर्शक, जो स्वतः श्रद्धाळू बौद्ध होता, मला हळूच म्हणाला, “हा काही खरा बौद्ध धर्म नव्हे. खरा बौद्ध धर्म त्रिपिटकात आहे, तो तर्काचा आहे.” आणि हे सांगताना त्याच्याही मनगटावर तो दोरा होता.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. जो माणूस हे विधी स्वतः करतो, त्याच्या मनात ‘हे खरे नव्हे’ असे सांगणारे माप कुठून आले? युरोपीय पौर्वात्यविद्येच्या अभ्यासकांनी आशियातील धर्मांची जी मांडणी केली तिच्यातून ते आले, असे मी वाचले आहे. पण ते नेमके कसे घडले, टप्प्याटप्प्याने, हे कोणी सांगू शकेल का? मोघम उत्तर नको आहे.

विक्रांत_जे

उत्तर सोपे आहे. एडवर्ड सईद यांनी 1978 मध्ये दाखवून दिले की पौर्वात्यविद्या हे साम्राज्याचे हत्यार होते. इंग्रजांनी लंडनमध्ये बसून बौद्ध धर्म तयार केला आणि सिंहली लोकांना परत विकला. त्याआधी सिंहली माणसाला त्रिपिटक वगैरेचे काही सोयरसुतक नव्हते. तुमचा मार्गदर्शक वसाहतीच्या मानसिकतेचा बळी आहे, एवढेच.

अनुराधा_पाली

विक्रांत, आपले अर्धे म्हणणे बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यामुळे सगळे चित्र बिघडते. सईद यांचे विवेचन मुख्यतः अरब व इस्लामी जगाविषयीच्या लिखाणावर आहे. बौद्ध धर्म त्यात जवळपास नाहीच. तो धागा पुढे फिलिप आमंड, चार्ल्स हॅलिसी, ग्रेगरी शोपेन अशा अभ्यासकांनी बौद्ध अभ्यासाकडे नेला, आणि तसे करताना सईद यांच्या मांडणीत दुरुस्त्याही केल्या. मी पाली शिकवते, त्यामुळे सदानंदरावांच्या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

सुरुवात कॅन्डीपासून नव्हे, काठमांडूपासून करावी लागते. तिथे ब्रिटिश रेसिडेन्सीत ब्रायन हॉजसन होते. पाटणचे नेवार बौद्ध पंडित अमृतानंद यांना त्यांनी प्रश्नावली दिली आणि त्यांच्या उत्तरांवरून 1828 मध्ये बौद्ध धर्माचे वर्णन छापले. म्हणजे त्या घडीला युरोपला माहिती देणारा स्रोत एक जिवंत बौद्ध माणूस होता. हॉजसननी संस्कृत हस्तलिखितेही जमवली आणि त्यांतला मोठा गठ्ठा 1837 मध्ये पॅरिसला यूजीन ब्यूर्नूफ यांच्याकडे पोहोचला. ब्यूर्नूफ यांनी ती वाचून 1844 मध्ये भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासाची प्रस्तावना लिहिली. पॅरिसमधल्या या खोलीत एक मोठा बदल झाला. अमृतानंदांनी सांगितलेला धर्म हा ‘उत्तरकालीन’ ठरला, आणि पोथ्यांतून वाचून काढलेला धर्म ‘मूळ’ ठरला. ब्यूर्नूफ कधीही भारतात आले नव्हते आणि त्यांच्या लेखी ती उणीव नव्हती, कारण पाहायचे ते सगळे पानांवर होते.

आता लंकेकडे या. रॉबर्ट स्पेन्स हार्डी हे वेस्लियन मिशनरी होते. बौद्ध धर्माविषयी त्यांना प्रेम मुळीच नव्हते. तरी 1853 चा त्यांचा ग्रंथ ‘पूजावलिय’सारख्या सिंहली ग्रंथांवर उभा आहे, म्हणजे विहारांत तेव्हा खरोखर वाचल्या-ऐकल्या जाणाऱ्या वाङ्मयावर. पुढच्या पिढीने हा रस्ता सोडला. टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स 1864 मध्ये लंकेच्या मुलकी सेवेत आले, यात्रामुल्ले या भिक्षूंकडे पाली शिकले, नोकरी गमावून इंग्लंडला परतले आणि 1881 मध्ये त्यांनी पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केली. सिंहली ग्रंथ हे तेराव्या शतकातले म्हणजे उशिराचे, पाली सुत्ते म्हणजे प्रवचने बुद्धाच्या जवळची, आणि म्हणून खरा धर्म सुत्तांत, असा हिशेब बसला. आपल्या मार्गदर्शकाच्या वाक्यात हा हिशेब जसाच्या तसा आहे. जुने ते खरे, लिखित ते खरे. नंतर आले ते भेसळ.

एक मिशनरी, जो धर्माचा विरोधक होता, तो लोक काय वाचतात ते पाहत होता आणि एक सहानुभूतीचा विद्वान, ज्याने त्या धर्माची जगभर प्रतिष्ठा वाढवली, तो लोक काय वाचतात याकडे पाठ फिरवत होता. मला हा विरोधाभास फार बोलका वाटतो.

विक्रांत_जे

म्हणजे माझेच म्हणणे झाले की. लंडनने ठरवले आणि लंकेने स्वीकारले.

अनुराधा_पाली

नाही. आपण “त्याआधी सोयरसुतक नव्हते” म्हणालात, ती मुख्य चूक आहे. अठराव्या शतकात, कॅन्डीचे राज्य स्वतंत्र असताना, वेलिविट सरणंकर नावाच्या भिक्षूंनी पाली अध्ययनाचे पुनरुज्जीवन केले. लंकेत उपसंपदेची, म्हणजे भिक्षूंना पूर्ण दीक्षा देण्याची, परंपरा खंडित झाली होती. 1753 मध्ये सयामहून उपालि थेर व त्यांचे सहकारी येऊन ती पुन्हा सुरू झाली. सरणंकरांच्या चळवळीतही ‘भिक्षू विनयाप्रमाणे, म्हणजे संघाच्या नियमांप्रमाणे, वागत नाहीत, ग्रंथांकडे परत चला’ हाच सूर होता. इंग्रजांनी कॅन्डी घेतली 1815 मध्ये. ब्रह्मदेशात मिंदोन राजाने 1860 च्या दशकात मंडाल्यात सबंध त्रिपिटक 729 संगमरवरी शिळांवर कोरून घेतले, तेही लंडनला विचारून नव्हे. ग्रंथ प्रमाण मानणे ही युरोपची देणगी नाही.

नवे काय होते ते नीट वेगळे काढले पाहिजे. सरणंकरांच्या दृष्टीने त्रिपिटक, त्यावरची अट्ठकथा नावाची पाली भाष्ये, सिंहली व्याख्याने, परित्त-पठण आणि दंतधातूची पूजा ही एकाच झाडाची मुळे, खोड आणि पाने होती. सुधारणा म्हणजे झाडाला पाणी घालणे. ऱ्हीस डेव्हिड्स यांच्या पिढीत सुधारणा म्हणजे मुळे तेवढी ठेवून बाकीचे छाटणे झाले. मूळ ग्रंथ हा भाष्यापासून, विधीपासून आणि तो पाठ करणाऱ्या माणसापासून तोडून एकटा वाचता येतो, किंबहुना तसाच वाचावा, हा विचार नवा होता. त्याच्यामागे बायबलविषयीची प्रॉटेस्टंट सवय होती हे उघड आहे. बुद्धाला ल्यूथर आणि ब्राह्मणांना रोमन चर्च म्हणण्याची तर त्या काळी फॅशनच होती.

दगडवाचक

छपाईच्या बाजूने एक भर घालतो. ताडपत्रावरच्या पोथीत पाठ स्थिर नसतो. विहारागणिक थोडा फरक असतो. चिकित्सक आवृत्ती काढणारा माणूस सिंहली, ब्रह्मी, सयामी पोथ्या शेजारी ठेवतो, एक पाठ वर छापतो आणि बाकीचे तळटीपेत ढकलतो. आपल्याकडे भांडारकर संस्थेच्या महाभारतामुळे ही पद्धत वाचकांना ओळखीची आहे. पद्धत उत्तम आहे, पण तिच्यातून तयार होतो तो असा ग्रंथ, जो त्या नेमक्या रूपात कोणत्याही विहारात कधीही नव्हता. शिवाय सोसायटीने तो रोमन लिपीत छापला, म्हणजे लंडनमधला विद्यार्थी वाचू शके आणि खेड्यातला थेर वाचू शकत नसे. प्रमाण प्रत कोणाच्या कपाटात आहे, यावर अधिकार कोणाचा हे पुष्कळदा ठरते.

माधुरी_के

मला एक विचारायचे आहे. मी इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर तीन वेळा केले आहे आणि मला त्याचा पाठदुखीसाठीसुद्धा फायदा झाला. तिथे सांगतात की ही विद्या ब्रह्मदेशात शुद्ध रूपात टिकून राहिली. मग या चर्चेप्रमाणे ती खरी की नाही? आणि खरी नसेल तर दुसरे कोणते केंद्र अधिक अस्सल आहे? नागपूरकडे काही सोय आहे का?

सदानंद_ठाणे

माधुरीताई, केंद्रांची तुलना हा या धाग्याचा विषय नाही. फायदा झाला असेल तर तो खराच आहे. पण “शुद्ध रूपात टिकली” या वाक्याचा इतिहास मलाही जाणून घ्यायला आवडेल. अनुराधाबाई?

अनुराधा_पाली

सत्यनारायण गोएंका 1969 मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले. त्यांचे गुरू ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. त्यांचे गुरू सया थेतजी शेतकरी होते, आणि त्यांना शिकवले लेडी सयाडो (1846–1923) यांनी. इथपर्यंतची साखळी माणसांनिशी सांगता येते. त्यामागे बुद्धापर्यंत अखंड परंपरा हा श्रद्धेचा भाग आहे. गृहस्थांनी मोठ्या संख्येने विपश्यना करावी, हा आग्रह लेडी सयाडोंच्या काळात रुजला. 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले आणि राजा गेला. संघाला राजाश्रय उरला नाही. तेव्हा बुद्धाचा धर्म टिकवायचा तर प्रत्येक गृहस्थाने अभिधम्म हे त्रिपिटकातले तत्त्वविवेचन शिकून ध्यान करावे, असा त्यांचा विचार होता. हा विचार युरोपीय पुस्तकातून आलेला नाही, अभिधम्माच्या ब्रह्मी अध्ययनातून आला आहे. त्यामुळे आधुनिक ते सगळे पाश्चात्त्य, असे समीकरण इथेही चालत नाही.

पण ध्यानाच्याच क्षेत्रात छाटणी कशी झाली याचे एक उदाहरण आहे, आणि ते या धाग्याला नेमके लागू पडते. लंकेतील बंबरगल विहारात अनागारिक धर्मपालांना ध्यानविधीची एक पोथी सापडली. भाषा पाली आणि सिंहली मिश्र. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी ती 1896 मध्ये सोसायटीतर्फे ‘योगावचराचे हस्तपुस्तक’ म्हणून छापली. तिच्यात बुद्धाला व गुरूला वंदन करून ध्यानाची अवस्था मागायची आहे, मेणाच्या वाती लावायच्या आहेत, निमित्ताचे, म्हणजे ध्यानात दिसणारे, प्रकाश शरीरातील विशिष्ट जागी ठेवायचे आहेत. म्हणजे प्रत्यक्ष साधना कशी चाले याचे जिवंत कागदपत्र हाती आले होते. पण ते सुत्तांतल्या ध्यानाशी जुळेना, म्हणून त्याची गणना कुतूहलाच्या वस्तूत झाली. इंग्रजी भाषांतर 1916 मध्ये आले, तेही ‘गूढवाद्याचे हस्तपुस्तक’ या नावाने. नावातच निकाल आहे. अशाच परंपरा सयाम, कंबोडिया, लाओस या देशांतही होत्या, हे अभ्यासकांनी पुष्कळ नंतर जुळवून दाखवले. तोपर्यंत बऱ्याच ठिकाणी त्या संपत आल्या होत्या.

राहुल_नागपूर

मी हा धागा सुरुवातीपासून वाचतो आहे आणि थोडा अस्वस्थ आहे. आमचे आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर होते. आमच्या घरात बुद्ध आला तो ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ या ग्रंथातून. पाली टेक्स्ट सोसायटीने सुत्ते छापली आणि त्यांची इंग्रजी भाषांतरे झाली, म्हणून पाठशाळेत ज्यांना कोणी बसू दिले नसते त्यांना ती वाचता आली. आपण ज्याला ‘मुळे ठेवून छाटणी’ म्हणता आहात, ती छाटणी नसती तर आमच्यापर्यंत विधी, पुरोहित आणि दोरे पोहोचले असते. बुद्ध पोहोचला नसता. लंडनच्या कपाटात प्रत होती हे खरे, पण आमच्यासाठी गावातल्या कपाटापेक्षा ते कपाट अधिक उघडे होते.

विक्रांत_जे

पण बाबासाहेबांनी तरी इंग्रजी भाषांतरांवरूनच लिहिले ना? म्हणजे तेही पौर्वात्यविद्येचे अपत्य.

राहुल_नागपूर

त्यांनी पालीचा शब्दकोश आणि व्याकरण तयार केले होते; ते त्यांच्या इंग्रजी समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात छापलेले आहे. कृपया आधी पाहा.

अनुराधा_पाली

राहुल, आपला मुद्दा मी मनापासून मान्य करते, आणि माझ्या आधीच्या प्रतिसादात त्याला जागा नव्हती ही त्रुटी होती. छापील ग्रंथाने अधिकार एका हातातून काढून दुसऱ्या हातात दिला, आणि तो दुसरा हात नेहमी साहेबाचाच होता असे नाही.

फक्त बाबासाहेबांच्या ग्रंथाबाबत एक निरीक्षण नोंदवते. प्रस्तावनेतच ते चार प्रश्न मांडतात. पहिला, सिद्धार्थाने परिव्रज्या का घेतली. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून घेतली ही कथा त्यांना पटत नाही. दुसरा, चार आर्यसत्ये मूळ शिकवणुकीत होती की भिक्षूंनी नंतर घातली. तिसरा कर्म व पुनर्जन्माविषयी, चौथा भिक्षूच्या कार्याविषयी. पुढे ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याची कसोटीही ते देतात. बुद्ध विवेकनिष्ठ होता, म्हणून जे विवेकाला धरून आहे ते त्याचे वचन मानता येते. कसोटी उघडपणे सांगितली आहे, हे त्या ग्रंथाचे मोठे सामर्थ्य आहे.

आता याच्या शेजारी कॅरोलिन ऱ्हीस डेव्हिड्स यांना ठेवा. पतीनंतर त्याच पाली टेक्स्ट सोसायटीच्या त्या प्रमुख होत्या, आयुष्यभर त्यांनी पाली ग्रंथ संपादले, आणि उतारवयात त्या या निष्कर्षावर आल्या की ‘आत्मा नाही’ हे बुद्धाचे म्हणणेच नव्हते, ते मठातल्या भिक्षूंनी नंतर घातले. म्हणजे साहित्य तेच, पद्धतीही तीच, की भिक्षूंची भर काढून टाका आणि मूळ शोधा. त्यातून एकीला आत्म्याला जागा देणारा बुद्ध सापडतो, आणि दुसऱ्याला आत्मा ठामपणे नाकारणारा, समाजाची पुनर्रचना करणारा बुद्ध सापडतो. यावरून दोघांपैकी एक खोटे, असे मी म्हणत नाही. मला एवढेच दिसते की ‘भर’ कोणती हे ग्रंथ स्वतः सांगत नाही. वाचक आधी काय शोधायला निघाला आहे त्यावर ते ठरते. म्हणून कोणी ‘मूळ शिकवण’ म्हणाले की मी विद्यार्थ्यांना दोन गोष्टी बघायला सांगते: कसोटी निकालाच्या आधी सांगितली होती का, आणि तीच कसोटी स्वतःला आवडणाऱ्या उताऱ्यालाही लावली का. बाबासाहेब पहिली अट पुरी करतात. कॅरोलिनबाई बऱ्याचदा करत नाहीत.

राहुल_नागपूर

दुसऱ्या अटीबद्दल आपण सोयीस्करपणे काही बोलला नाहीत. असो, ते वेगळ्या धाग्यात. पण परिव्रज्येचा मुद्दा बाबासाहेबांनी हवेतून काढलेला नाही. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेला कलह हे कारण धर्मानंद कोसंबींनी त्यांच्या आधी ‘भगवान बुद्ध’मध्ये मांडले होते, आणि आधार सुत्तनिपातातल्या अत्तदण्ड सुत्ताचा आहे. थोड्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखे लोक एकमेकांशी भांडताना पाहून भय वाटले, असे त्यात बुद्ध स्वतः सांगतो.

सुहास_मडगाव

धर्मानंदांचे नाव निघाले म्हणून लिहितो. आमचे गाव त्यांच्या सांखवाळपासून जवळच. ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मचरित्र मी अनेकदा वाचले आहे, आणि या धाग्यामुळे त्यातला एक भाग वेगळा दिसू लागला.

धर्मानंदांना बुद्धाची ओढ लागली ती गोव्यात बसून, ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातला लेख वाचून. आणि हे मासिक अमेरिकन मिशनचे होते. पुढे 1899 मध्ये घर सोडले, पुणे, ग्वाल्हेर, काशी केले, आणि जिवंत बौद्ध धर्म पाहायचा म्हणून अतोनात हाल सोसून 1902 मध्ये नेपाळ गाठले. तिथे त्यांची निराशा झाली. जो धर्म त्यांनी वाचला होता तो तिथे दिसेना. मग ते बुद्धगयेहून सिंहलद्वीपाला गेले आणि कोलंबोच्या विद्योदय परिवेणात म्हणजे भिक्षूंच्या विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे पाली शिकले.

आता वर अनुराधाताईंनी अमृतानंदांविषयी लिहिले आहे. त्याच पंडिताच्या नेवार परंपरेला पॅरिसने 1844 मध्ये ‘उत्तरकालीन’ ठरवले होते. अठ्ठावन्न वर्षांनी एक गोमंतकीय तरुण पायी चालत तिथे पोहोचतो आणि त्याच निष्कर्षाला येतो. त्याने ब्यूर्नूफ वाचले नव्हते. पण हवेतच ते माप होते असे म्हणावे लागेल. मला धर्मानंदांविषयी नितांत आदर आहे, म्हणूनच हे लिहिताना जरा जड जाते.

दगडवाचक

उत्तम निरीक्षण. पण पुढचा भागही सांगा, म्हणजे ‘बळी’ वगैरे शब्द पडणार नाहीत. हेच धर्मानंद 1910 मध्ये हार्वर्डला गेले ते विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी. वॉरन या अमेरिकन विद्वानाने ते काम अपुरे ठेवून 1899 मध्ये देह ठेवला होता. श्रेय कोणाचे यावरून तिथल्या प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचे बिनसले. शेवटी धर्मानंदांनी स्वतःची देवनागरी आवृत्ती 1940 मध्ये मुंबईत काढली. हार्वर्डची छापील प्रत यायला 1950 उजाडले, तोवर धर्मानंद हयात नव्हते. शिवाय विसुद्धिमग्ग हा पाचव्या शतकातला बुद्धघोषाचा ग्रंथ, म्हणजे ‘मूळ ते खरे’ या मापाने दुय्यम. तरी परिवेणातल्या गुरूंच्या लेखी तो धर्म समजून घेण्याचा राजमार्ग होता, आणि धर्मानंदांनी आपली उमेदीची वर्षे त्यालाच दिली. म्हणजे त्यांच्या डोक्यात दोन मापे एकाच वेळी होती.

सदानंद_ठाणे

सुमंगल हे नाव वर आले. ऑल्कट यांच्या प्रश्नोत्तरीशी संबंधित तेच का?

अनुराधा_पाली

तेच, हिक्कडुवे सुमंगल. कर्नल ऑल्कट हे अमेरिकन थिऑसॉफिस्ट 1880 मध्ये गॉल येथे उतरले, त्यांनी जाहीरपणे पंचशील घेतले, आणि 1881 मध्ये बौद्ध मुलांसाठी प्रश्नोत्तरी छापली. साचा ख्रिस्ती प्रश्नोत्तरीचा, आशय बौद्ध. एका परदेशी माणसाने सिंहली मुलांना ‘बौद्ध धर्म म्हणजे काय’ हे पाठ करायला दिले, म्हणून ती बाहेरून लादलेल्या धर्माचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते.

पण मुखपृष्ठाआड काय झाले ते पाहण्यासारखे आहे. ऑल्कट यांना सुमंगलांची संमती छापायची होती, कारण तिच्याशिवाय विहारांत पुस्तक चालले नसते. सुमंगल मजकुरावर ओळीने बसले आणि निर्वाणाविषयीचे एक उत्तर त्यांना थिऑसॉफीच्या वळणाचे वाटले. ते बदलल्याशिवाय संमती देणार नाही, असे त्यांनी सांगितले; ऑल्कटना बदलावे लागले. ही हकीकत खुद्द ऑल्कट यांनीच लिहून ठेवली आहे. तसेच वस्कडुवे सुभूति घ्या. त्यांनी 1865 मध्ये पाली कोश ‘अभिधानप्पदीपिका’ संपादून छापला, आणि कोशकार चाइल्डर्स व कोपनहेगनचे फाउसबोल हे दोघेही त्यांना पत्राने शंका विचारत. पाली टेक्स्ट सोसायटीच्या पहिल्या वर्गणीदारांत सिंहली भिक्षू मोठ्या संख्येने होते. अर्थात, छापील ग्रंथावर संपादक म्हणून नाव युरोपियनाचे, आणि भिक्षूंची नावे प्रस्तावनेतल्या आभारात. यालाच बहुधा आपण दोघांनी मिळून बांधलेले घर आणि एकाच्या नावावरचा सातबारा म्हणू शकतो.

दगडवाचक

आता माझ्या क्षेत्राचे थोडे. सगळी चर्चा पोथ्यांवर चालली आहे, पण ग्रंथाच्या मापाने किती चुकते हे आपल्या महाराष्ट्रातल्या लेण्यांत मोजून दाखवता येते.

नाशिकच्या पांडवलेण्यांतले दहावे लेणे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख भिंतीवर आहे. त्यात त्याने संघाला 3000 कार्षापण नाण्यांची अक्षयनीवी दिली, म्हणजे मुद्दल खर्चायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पैकी 2000 गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे म्हणजे व्यावसायिक संघाकडे दरमहा शेकडा एक या दराने ठेवले आणि 1000 दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीतून वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. हिशेब करून पाहा. 2000 वर महिना 20, वर्षाला 240. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, बरोबर 240. एक कवडी इकडची तिकडे नाही. विनयात मात्र भिक्षूने सोने-चांदी स्वीकारू नये असा नियम आहे.

याशिवाय कान्हेरी, कार्ले, नाशिक येथे दाते म्हणून भिक्षू आणि भिक्षुणी यांची नावे कोरलेली आहेत. ज्याच्याजवळ काही नसायला हवे तो खांब नाहीतर टाके दान करतो आहे. भाज्याला लेण्यांशेजारी थेरांच्या नावांचे लहान स्तूप ओळीने आहेत, आणि कान्हेरीला तर दिवंगत भिक्षूंच्या विटांच्या स्तूपांची एक सबंध ओवरी आहे. हे सगळे लेख एकोणिसाव्या शतकातच वाचून छापले गेले होते. तरी बौद्ध धर्म समजावून सांगणाऱ्या पुस्तकांत भिक्षू निष्कांचन आणि अवशेषपूजा ही अडाणी गृहस्थांसाठी, असेच राहिले. दगड आणि पोथी यांचे जुळले नाही की दगडाला ‘ऱ्हास’ म्हणायचे, ही सवय शोपेन यांनी नेमकी पकडली. गंमत म्हणजे यांतले कित्येक दगड आज उपलब्ध असलेल्या कोणत्याही पाली पोथीपेक्षा शेकडो वर्षांनी जुने आहेत. ‘जुने ते खरे’ हे माप स्वतःच्याच नियमाने हरते.

राहुल_नागपूर

दगडवाचक, हिशेब सुंदर आहे, पण निष्कर्ष घाईचा वाटतो. बारा कार्षापण भिक्षूच्या हातात पडत होते, हे लेखात कुठे आहे? चीवरासाठी रक्कम ठरवून दिली, व्यवहार श्रेणीनेच कापड देऊन केला असेल, तर विनय मोडत नाही. विनयातच दात्याची रक्कम कप्पियकारकाने, म्हणजे संघाच्या गृहस्थ सेवकाने, सांभाळण्याची सोय आहे. शिवाय नियम मोडला जातो म्हणून नियम नव्हता असे होत नाही. शिलालेखाला ‘प्रत्यक्ष’ आणि ग्रंथाला ‘आदर्श’ म्हणणे हेही एक नवे मापच झाले.

दगडवाचक

हरकत रास्त आहे. लेखातला शब्द ‘चीवरिक’ आहे आणि त्याखाली रोकड की कापड, याविषयी मी ठाम सांगू शकत नाही. भिक्षू दात्यांचे लेख मात्र या पळवाटेतून सुटत नाहीत.

माधुरी_के

मी वरचे सगळे दोनदा वाचले. माझा प्रश्न चुकला होता हे कळले. पण एक सांगू का? शिबिरात शेवटच्या दिवशी मैत्रीभावना करतात तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बाई हात जोडून पुटपुटत होत्या. मी विचारले, तर म्हणाल्या, गोंदवलेकर महाराजांचे नाम घेते. त्यांना कोणी ‘हे खरे नव्हे’ म्हणाले नाही. किंवा म्हणाले असेल, त्यांनी ऐकले नसेल.

सदानंद_ठाणे

सर्वांचे आभार. माझ्या मार्गदर्शकाचे वाक्य आता मला निदान तीन तुकड्यांत ऐकू येते: त्यातला एक सरणंकरांचा, एक ऱ्हीस डेव्हिड्स यांचा, आणि एक शाळेत पाठ केलेल्या प्रश्नोत्तरीचा. चौथा तुकडा त्याच्या मनगटावरचा दोरा, त्याविषयी मी त्याला विचारायला हवे होते. सुहासराव, ‘निवेदन’मधील नेपाळचा भाग आज रात्री पुन्हा वाचतो. आणि दगडवाचक, पुढच्या महिन्यात नाशिकला जाणे आहे. दहाव्या लेण्यातला तो लेख ओवरीत कोणत्या बाजूला आहे, ते कळवाल का?

दगडवाचक

उषवदाताचे लेख एकाहून अधिक आहेत, त्यामुळे गोंधळ होतो. मी छायाचित्रावर खूण करून उद्या टाकतो. सकाळी लवकर जा, तिरपा प्रकाश असला की अक्षरे उठून दिसतात.